प्रकल्प नोंदी: बाबांच्या तलावाची नवी चौकट

१० मे २०२५, शनिवार

आईच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरी सोफ्याच्या वर बाबांनी काढलेलं मासुंदा तलावाचं जलरंगचित्र आहे, १९७८ सालचं. मळभ आलेली सकाळ, तलावाचं करडं पाणी, पलीकडे कौपिनेश्वर मंदिराचं शिखर. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवारी सकाळी तलावपाळीवर बसून चित्रं काढायचे. त्यातलं हे एकच उरलं आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या खालच्या कोपऱ्यात तपकिरी ठिपके दिसले होते. आता कागदही फुगून काचेला टेकलाय असं आई म्हणाली. म्हणून आज खाली उतरवलं.

पाठीमागे हार्डबोर्ड होता आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, गंजलेल्या होत्या. हार्डबोर्डवर भिंतीच्या ओलीचा नकाशाच उमटलेला. चुका पक्कडीने एकेक करून काढल्या. काच लगेच उचलली नाही, कारण कागद काचेला चिकटला असेल तर काचेबरोबर रंगही निघून येतो. आधी सगळं उताणं ठेवून बॅटरीच्या तिरप्या उजेडात पाहिलं. चिकटलेल्या जागी काचेआड ओलसर डाग असावा तशी गडद, चकचकीत बेटं दिसतात. तशी नव्हती. कागद नुसता टेकला होता. मग काच सरळ वर उचलली.

चित्र माउंटच्या, म्हणजे चित्राभोवती मध्ये खिडकी कापून लावतात त्या पुठ्ठ्याच्या, पाठीला चारही बाजूंनी सेलोटेपने चिकटवलं होतं. टेप पिवळी पडली आहे आणि तिचा डिंक कागदात मुरला आहे. ती मी ओढणार नाही. माझी मैत्रीण कागद-संवर्धनाचं काम करते, ते काम तिच्याकडेच जाईल. बुरशीच्या ठिपक्यांनाही हात लावायचा नाही. मास्क बांधून मऊ ब्रशने वरवरची धूळ तेवढी काढली.

११ मे

काल रात्री झोप येईना म्हणून माउंट अलगद वर करून पुन्हा पाहिलं. त्याच्या काठाखाली एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी सत्तेचाळीस वर्षं झाकलेली होती. तिथे आकाश गुलाबी आहे. फिकट, पण स्पष्ट गुलाबी, ढगांच्या खालच्या अंगाला.

मी हे चित्र आयुष्यभर करडं पाहिलं. बाबांनी मळभातला पहाटेचा तांबूसपणा रंगवला होता आणि तो उडून गेला हे मला आज कळलं. बाबांच्या रंगपेटीत क्रिमसन असायचा. त्यातला अलिझरीन क्रिमसन उजेडाला फार कच्चा असतो, आणि पातळ वॉशमध्ये लावला तर सगळ्यात आधी तोच जातो. निळे आणि मातीचे रंग टिकले, म्हणून उरलेलं चित्र करडं वाटतं.

आईला विचारलं तेव्हा घराचा इतिहास जुळला. चित्र आधी खिडकीसमोरच्या भिंतीवर होतं, आता टीव्ही आहे तिथे. पश्चिमेची खिडकी, दुपारी तीननंतर त्या भिंतीवर ऊन येतं. टीव्ही आला तेव्हा चित्र सोफ्यावर, म्हणजे पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर गेलं. ठाण्यात पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून ती भिंत जून ते सप्टेंबर आतूनही गार आणि दमट असते. पहिल्या जागेने रंग नेला, दुसरीने ठिपके दिले. फ्रेम दोन्ही ठिकाणी तीच होती आणि तिने एकाही गोष्टीपासून वाचवलं नाही.

माउंट कापून पाहिला तर पृष्ठभाग अजून क्रीम आहे, पण आतला गर चहासारखा झाला आहे. लाकडाच्या लगद्याचा साधा बोर्ड. त्यातला लिग्निन वर्षानुवर्षं आम्ल सोडत राहतो, आणि कापलेल्या तिरक्या काठाला जिथे चित्र लागून असतं तिथे बरोबर एक तपकिरी रेघ उमटते. आपल्या चित्रावर ती चारही बाजूंनी आहे, साधारण दोन मिलिमीटर रुंद. नवा माउंट ठरवताना ही रेघ आणि ती गुलाबी पट्टी दोन्ही आड येणार आहेत.

१७ मे

आज फ्रेमचा विचार सोडून फक्त भिंती पाहिल्या.

आईचा आग्रह होता की चित्र सोफ्यावरच परत लागावं, कारण टीव्ही आल्यापासून ते तिथेच होतं. मी वर्तमानपत्राचा ५५ बाय ४७ सेंटिमीटरचा तुकडा कापून टेपने सोफ्यावर लावला आणि तिला खुर्चीवर बसवलं. सोफा १८० सेंटिमीटर लांब आहे. त्याच्यावर तो तुकडा पाकिटावरच्या तिकिटासारखा दिसला. सोफ्याच्या रुंदीच्या निदान निम्मं, शक्यतो दोन-तृतीयांश काहीतरी वर असलं तर भिंत भरल्यासारखी वाटते, म्हणजे ९० ते १२० सेंटिमीटर. आपलं चित्र एक चतुर्थांश इम्पिरियल कागदावर आहे, ३८ बाय २८. त्याला ओढून ताणून ११० सेंटिमीटरची फ्रेम केली तर माउंटच्या मैदानात चित्र हरवेल.

“मग हे एवढंसं कुठे लावशील?” आईने विचारलं.

पॅसेजचं दार आणि पुस्तकांचं कपाट यांच्यामध्ये ११० सेंटिमीटरची एक उभी भिंत आहे. आतली भिंत, पलीकडे बेडरूम. तो वर्तमानपत्राचा तुकडा तिथे लावला. दोन्ही बाजूंना जवळपास पाव मीटरपेक्षा थोडी जास्त मोकळी जागा राहिली आणि लगेच तो तुकडा तिथलाच वाटला. शिवाय ही जागा जेवणाच्या टेबलाजवळ आहे, म्हणजे चित्र हातभर अंतरावरून पाहिलं जाईल. जलरंगाला ते हवंच असतं.

उजेड फोनच्या अ‍ॅपवर मोजला. फोनचा आकडा अचूक नसतो, पण तीन जागांची तुलना करायला पुरतो. दुपारी चारला टीव्हीच्या भिंतीवर ऊन नसलेल्या जागीही सहाशे लक्सच्या आसपास, सोफ्याच्या भिंतीवर दीडशे, या आतल्या भिंतीवर सत्तर ते ऐंशी, पडदा ओढला की चाळीस. संग्रहालयं जलरंगाला ५० लक्सच्या आसपास ठेवतात. उजेडाने होणारं नुकसान साठत जातं. दुप्पट उजेडात निम्म्या काळात तेवढाच रंग जातो. म्हणून काच घेण्याआधी भिंत निवडली, कारण कुठलीही काच दिसणारा उजेड अडवू शकत नाही. अडवला तर चित्रच दिसणार नाही.

आईने तुकडा काढू दिला नाही. दोन दिवस राहू दे, मला सवय होते का बघू दे, म्हणाली.

२४ मे

मैत्रिणीकडून चित्र परत आलं. तिने सेलोटेपची वरची पट्टी आणि बराचसा डिंक काढला. मुरलेला डाग थोडा राहिला आहे, तो माउंटखाली जाईल. ठिपके तिने मुद्दाम पूर्ण उडवले नाहीत. ते उडवण्याइतकं धुतलं असतं तर उरलेला गुलाबीही धोक्यात आला असता. मला तिचा निर्णय पटला.

संध्याकाळी आईला घेऊन फ्रेमवाल्या काकांकडे. त्यांनी पट्ट्यांचे कोपरे भिंतीवरून काढून चित्राच्या कोपऱ्याला एकेक लावून दाखवले. फ्रेम अशीच निवडावी, चित्र सोबत नेऊन. फोनवरच्या फोटोत करड्याच्या छटा खोट्या येतात.

आईने आधी सोनेरी फायबरची रुंद नक्षीदार पट्टी उचलली. देवघरातल्या तसबिरींना तशीच आहे, म्हणून तिला ती मानाची वाटते. मी काही बोलले नाही, फक्त कोपरा लावून धरला. सोनेरी चकाकी इतकी पुढे आली की शिखराजवळचा बारीक उजेड, जो या चित्रातला सगळ्यात उजळ भाग आहे, तो मळका दिसू लागला. आईनेच हात मागे घेतला. मग काळी पट्टी पाहिली. काळ्याने चित्राला छान कडा येते, पण या चित्रात पूर्ण काळं कुठेच नाही. सगळ्यात गडद छटा तलावकाठच्या झाडांची, तपकिरी-हिरवी. फ्रेमची छटा चित्रातल्या सर्वात गडद छटेपेक्षा फार गडद असली की नजर काठावरच अडते.

शेवटी साधी सागवानी पट्टी, दर्शनी रुंदी अडीच सेंटिमीटर, पॉलिश न करता नुसतं तेल दिलेली. शेजारचं पुस्तकांचं कपाटही जुन्या सागाचं आहे. फ्रेम खोलीशी जुळावी हे खरं, पण तिने आधी चित्राशी जुळायला हवं. खोलीतल्या वस्तू बदलतात. इथे सुदैवाने दोन्हींचं एकच उत्तर निघालं.

काकांनी नेहमीची पट्टी काढली तिची खाच आठ मिलिमीटर खोल होती. मी हिशोब मांडला: काच दोन, माउंटचे दोन थर तीन, मागचा बोर्ड दीड, पाठ चार. साडेदहा झाले, शिवाय चित्राचा कागद. आठच्या खाचेत हे बसवलं तर मागून पाठ बाहेर येते, चुका तिरक्या बसतात आणि दाब चित्रावर येतो. काका म्हणाले, “ताई, पंधराची खाच मिळेल, पण पट्टी मागवावी लागेल. आठवडा लागेल.” थांबायचं ठरलं.

२६ मे

आजच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर झालं. गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधीच आला नव्हता. पावसाच्या आधी, कोरड्या हवेत फ्रेम बंद करायचा माझा बेत होता. तो गेला. चित्र सपाट फोल्डरमध्ये, बेडरूमच्या कपाटात वरच्या खणात ठेवलं. लोखंडी कपाटाच्या तळाशी ओल साठते, म्हणून तिथे नाही.

१ जून

माउंटची खिडकी ठरवायला पूर्ण सकाळ गेली.

एक मन म्हणत होतं, अख्खा कागद दिसू दे, गुलाबी पट्टीसकट. कागद बोर्डवर तरंगता ठेवायचा आणि कडा झाकायच्याच नाहीत. बाबांनी काय रंगवलं होतं त्याचा तो एकमेव पुरावा आहे. पण तसं ठेवलं की तपकिरी रेघही दिसते आणि चित्राभोवती आतून आखलेली चौकट तयार होते. शिवाय ती पट्टी आता उजेडात आली तर तीही जाईल. झाकून ठेवणं हेच तिला जपणं आहे.

म्हणून खिडकी जुन्यापेक्षा थोडी लहान. जुनी ३६ बाय २६ होती. वर, डावीकडे, उजवीकडे तीन-तीन मिलिमीटर आत आलं की रेघ झाकली जाते आणि एक मिलिमीटर हाताशी राहतो. अडचण खाली आली. बाबांची सही रेघेच्या आतल्या कडेपासून चार मिलिमीटरवर आहे. तिथेही तीन आत आलो तर सहीला फक्त तीन मिलिमीटर उरतात आणि सही काठाला घासल्यासारखी दिसते. खाली नेमकं दोनच आत घ्यायचं, रेघेवर बरोबर. हाताशी काही राहत नाही, पण सहीला चार मिलिमीटर मिळतात. खिडकी झाली ३५.४ बाय २५.५ सेंटिमीटर.

कड बाजूंना आणि वर आठ, खाली साडेनऊ. खालची कड मुद्दाम मोठी ठेवली. चारही सारख्या ठेवल्या तर चित्र खाली घसरल्यासारखं भासतं. बाहेरचं माप आलं ५१.४ बाय ४३. काकांना सांगितलं की पट्टीच्या आत दोन्ही दिशांना तीन-तीन मिलिमीटर जास्त ठेवा. पावसाळ्यात बोर्ड फुगतो, त्याला हलायला जागा हवी. घट्ट ठोकून बसवलेला बोर्ड मध्ये पोट काढतो.

रंगाचा निर्णय आईचा. माझ्या हातात पांढराशुभ्र माउंट होता आणि मला तो स्वच्छ वाटत होता. आई म्हणाली, “हा लावला की बाबांचा कागद मळलाय असं वाटतं गं.” अगदी बरोबर. कागद सत्तेचाळीस वर्षांत पिवळसर झाला आहे आणि पांढऱ्याशेजारी तो रोगट दिसतो. चित्रातला सर्वात उजळ ठिपका ज्या छटेचा, तिच्यापेक्षा एक पायरी गडद असा ऑफ-व्हाइट नमुना लावला तेव्हा शिखराजवळचा उजेड एकदम पुढे आला.

बोर्ड शंभर टक्के सुती धाग्याचा घेतला. दुकानात ‘अ‍ॅसिड-फ्री’ लिहिलेला स्वस्त बोर्डही मिळतो. पण त्यात लाकडाचाच लगदा असतो आणि आम्ल मारायला चुना घातलेला असतो. चुना संपला की तो जुन्या वाटेने जातो. पीएच तपासायचं पेन दोन्हींवर ओढलं तर दोन्हींवर जांभळी रेघ आली, म्हणजे पेन आजचं सांगतं, वीस वर्षांनंतरचं नाही. सुती बोर्ड कापल्यावर गरापर्यंत एकसारखा दिसतो आणि फाडला तर लांब धागे निघतात. मी एक कोपरा फाडून पाहिला आणि मगच दोन शीट घेतले.

८ जून

काच. याच विषयावर सगळे जण मला सल्ला देतात आणि बहुतेकांचं म्हणणं असतं, नॉन-ग्लेअर लाव.

काकांकडे खरबरीत केलेली नॉन-ग्लेअर काच आहे. तिचा तुकडा वर्तमानपत्रावर टेकवला तर अक्षरं नीट दिसतात. तीनच मिलिमीटर वर उचलला तर अक्षरांना धुकं येतं. आपल्या माउंटमुळे काच आणि कागदात तीन मिलिमीटर अंतर असणारच आहे, म्हणजे बाबांचा तलाव कायम धुक्यात. ही काच नको. लेप दिलेली प्रतिबिंबरहित काच वेगळी असते आणि खरंच अदृश्य वाटते, पण आपल्या भिंतीसमोर खिडकी नाही. प्रतिबिंबाचा त्रासच नाही, तर त्यासाठी पैसे घालवायची गरज नव्हती.

अ‍ॅक्रिलिकचा विचार मनापासून केला. फुटत नाही आणि काचेइतकं गार पडत नाही, त्यामुळे आतून दव धरायची शक्यता कमी. पण आई रोज सकाळी फडकं फिरवते, ओलं. तिची ती सवय मोडणार नाही आणि अ‍ॅक्रिलिकवर वर्षभरात ओरखडे येतील. घरात जी व्यक्ती पुसणार आहे तिच्या हाताप्रमाणे काच घ्यावी, असं मला वाटतं. आईला एवढंच सांगितलं की फडक्यावर पाणी घे, काचेवर फवारू नकोस. फवारलेलं पाणी खाली ओघळून फ्रेमच्या खाचेत जातं आणि माउंटचा खालचा काठ ते शोषून घेतो. जुन्या फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातच जास्त ठिपके होते, त्यात भिंतीइतकाच या फवाऱ्याचा वाटा असावा.

तेव्हा अतिनील किरण अडवणारी दोन मिलिमीटरची काच मागवली. आली तेव्हा ती खरीच तशी आहे का हे तपासलं. ३६५ नॅनोमीटरची छोटी अतिनील बॅटरी माझ्याकडे आहे. अंधारात पाचशेच्या नोटेवर ती धरली की नोटेतले धागे चमकतात. मध्ये साधी काच धरली तरी चमकतात, कारण साधी काच हे किरण बरेचसे जाऊ देते. ही नवी काच धरली आणि धागे विझले. काका पाहत उभे होते. मग त्यांनीच दुकानातली दुसरी एक काच आणली, पुरवठादाराने तशीच म्हणून दिलेली. तिच्याखाली धागे चमकत राहिले. ते गप्प झाले आणि ती काच त्यांनी बाजूला काढून ठेवली.

लेप एकाच बाजूला असतो आणि तो आत, चित्राकडे यायला हवा. बाहेर राहिला तर पुसून खरवडला जातो. काचेला चिकटलेली खूण बघून मी कडेला पेन्सिलने ‘आत’ लिहून ठेवलं.

१५ जून

बिजागऱ्या, म्हणजे चित्र टांगायच्या कागदी पट्ट्या. चित्र खिडकीच्या माउंटला लावायचं नाही, मागच्या बोर्डला लावायचं, आणि फक्त वरच्या काठाने, दोन ठिकाणी. जुन्या फ्रेममध्ये चारही कडा चिकटवलेल्या होत्या. पावसात कागद लांबला की त्याला पसरायला जागा नव्हती, म्हणून तो फुगून काचेला टेकला. वरून टांगलेला कागद खाली आणि बाजूला मोकळा पसरतो आणि परत आकसतो.

खळ गव्हाच्या स्टार्चची. आईला वाटलं कुरडयांचा चीकच घ्यायचा. तत्त्व तेच आहे, पण घरच्या चिकात ग्लुटेन राहतं आणि भिजवल्याने आंबूसपणा येतो. पोळीच्या कणकेची खळ तर कसरीला आमंत्रणच. मैत्रिणीने शुद्ध स्टार्च दिला होता. एक वाटी स्टार्चला पाच वाट्या पाणी या मापाने, पण अगदी थोडं, मंद आचेवर अर्धा तास ढवळत. आधी दुधासारखं, मग एकदम घट्ट, मग हळूहळू पारदर्शक. आई बाजूला उभी राहून “आता गाठी होतील, सोडू नकोस” म्हणत राहिली. तिचा कुरडयांचा हात आहे, तिचं बरोबर होतं. गार झाल्यावर कापडातून दोनदा गाळलं.

जपानी कोझो कागदाच्या पट्ट्या कात्रीने कापल्या नाहीत. पाण्याची रेघ ओढून फाडल्या, म्हणजे काठाला धागे राहतात आणि चित्रावर जाड कडेचा वळ उमटत नाही. अडीच सेंटिमीटर रुंद दोन. चित्राच्या पाठीवर जेमतेम पाच मिलिमीटर चढवल्या. पट्टी मूळ कागदापेक्षा कमजोर हवी. उद्या फ्रेम पडली तर पट्टी फाटावी, चित्र नाही. टिपकागद आणि वजनं ठेवून रात्रभर वाळू दिलं.

२९ जून

फ्रेम बंद करण्याचा दिवस, आणि बाहेर दोन दिवस संततधार. हॉलमधला आर्द्रतामापक ८७ टक्के दाखवत होता. या हवेत फ्रेम बंद केली असती तर ती हवा आत कोंडली गेली असती. सत्तरच्या वर आर्द्रता टिकून राहिली की बुरशीला तेवढंच पुरतं.

म्हणून शुक्रवारपासून बेडरूमचा एसी चालू ठेवला आणि चित्र, बोर्ड, पाठ, काच, सगळं सुटंसुटं पलंगावर पसरून ठेवलं. आई दोन रात्री हॉलमध्ये झोपली. आज सकाळी खोलीत ५४ टक्के. बोर्ड कोरडा व्हायला हवेपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून दोन दिवस दिले. नुसतं खोलीचा आकडा खाली आला म्हणून घाई केली असती तर बोर्डातली ओल आतच राहिली असती.

पाठीला हार्डबोर्ड नाही. सनबोर्डही नाही, तो पीव्हीसीचा फेस असतो आणि कालांतराने त्यातून कागदाला घातक वायू सुटतात. पॉलिप्रॉपिलीनची पोकळ नळ्यांची शीट घेतली, दुकानांवरचे हलके फलक जिचे करतात ती. तिच्यातून दमट हवा सहजी जात नाही.

काच, खिडकीचा दुहेरी माउंट, चित्रासह मागचा बोर्ड, पाठ. हा गठ्ठा फ्रेममध्ये घालण्याआधीच त्याच्या चारही कडा अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने बंद केल्या, काचेच्या दर्शनी बाजूला चारच मिलिमीटर येईल एवढी. पट्टीची खाच ते झाकते. यामुळे साग चांगला असला तरी लाकडातून सुटणारी आम्लं चित्रापर्यंत येत नाहीत आणि चार महिन्यांचा पाऊस फार हळूहळू आत जातो. पूर्ण थांबत नाही, पण जुलैची ओल आत शिरेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो.

बंद करण्याआधी काच तिरपी धरून आत केस, धागा, धुळीचा कण राहिला का पाहिलं. तीनदा उघडावं लागलं. तिसऱ्यांदा तर आकाशावर आईच्या लोकरीचा निळा तंतू होता.

६ जुलै

लावलं. फ्रेमच्या पाठीला खालच्या दोन कोपऱ्यांवर रबराच्या जाड गोट्या आणि वर लाकडाच्या ठोकळ्या, म्हणजे भिंतीपासून एक सेंटिमीटर अंतर राहतं आणि हवा मागून फिरते. चित्राचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर घेतला. उभ्याने पाहायला १४५ ते १५० ठीक असतं, पण इथे आई टेबलापाशी बसून पाहणार आहे.

सोफ्यावरची भिंत रिकामी राहिली होती. चित्र काचेबाहेर असताना मैत्रिणीने ते स्कॅन केलं होतं. त्याची १०० सेंटिमीटर रुंदीची छपाई सुती कागदावर काढून तिथे लावली आहे. छपाईत गुलाबी पट्टीवरून ताडून आकाशाचा रंग परत आणला. ती उडाली तर पुन्हा छापता येईल, म्हणून तिला दीडशे लक्सची आणि ओलीची भिंत चालेल. आईने आधी मोठ्या चित्राकडे पाहिलं, मग लहानाकडे, मग परत मोठ्याकडे. “असंच असायचं आकाश,” म्हणाली. “आम्ही सकाळी सहाला निघायचो.”

१७ ऑगस्ट

एक आर्द्रतामापक फ्रेमच्या पाठीमागे आणि एक सोफ्याच्या भिंतीवर, असे महिनाभर ठेवले होते. आतल्या भिंतीवर जास्तीत जास्त ७६, सोफ्याच्या भिंतीवर ८९. चित्राच्या कागदात हलकी लाट आहे, खालच्या बाजूला, पण तिरप्या उजेडात पाहिलं तर काचेपासून ती दूर आहे. जूनमध्ये लाट नव्हती. कागद पसरला आणि त्याला जागा होती.

३१ ऑगस्ट

गणपतीच्या आरासीत भाच्याने कपाटावर एक छोटा फोकस दिवा लावला होता, थेट चित्रावर. सुंदर दिसत होतं, आणि त्या जागी फोनवर नऊशे लक्स दाखवत होतं. त्याला समजावून सांगितलं. त्याने दिवा वळवून मोठ्या छपाईवर लावला.

१२ ऑक्टोबर

पाऊस गेला. फ्रेम उतरवून पाठ तपासली. टेप कुठे सुटलेली नाही, गोट्यांखाली भिंतीचा रंग कोरडा आहे, कसरीची पूड नाही. सूर्य आता दक्षिणेकडे सरकतो आहे, त्यामुळे खिडकीतून येणारी तिरीपही जागा बदलते आहे. संध्याकाळी साडेचारला आतल्या भिंतीवर वीतभर उन्हाचा पट्टा येतो, फ्रेमपासून चाळीस सेंटिमीटरवर. डिसेंबरात तो फ्रेमपर्यंत पोहोचेल का ते मोजायचं आहे. पोहोचत असेल तर त्या खिडकीला जाड पडदा.